रिकामा चौकोन आणि शून्य

छापील तक्त्याचा फोटो समोर ठेवून तो संगणकावर उतरवताना आकडे सहसा चुकत नाहीत, चुकतात रिकाम्या जागा.

पावसाच्या नोंदींचा एक तक्ता घेऊ. डावीकडे 'केंद्र १' हे नाव चार ओळींना मिळून एकाच उंच चौकोनात, बरोबर मधोमध छापलेलं आहे. त्यासमोर सोमवार ते गुरुवारचा पाऊस मिलिमीटरमध्ये: १४, रिकामं, ०, १०. खाली बेरीज २४.

पहिली गफलत त्या नावापाशी होते. ते मधोमध असल्यामुळे ओळीओळीने टाइप करणारा ते मंगळवारच्या किंवा बुधवारच्या ओळीत लिहितो आणि बाकीच्या तीन ओळी बेवारस राहतात. म्हणून अक्षरं कुठे आहेत ते न पाहता आडव्या रेघा कुठे थांबतात ते पाहायचं. दोन रेघांच्या मधल्या प्रत्येक ओळीला ते नाव पुन्हा लिहायचं. एक्सेलमध्ये जोडलेल्या चौकोनांची किंमत फक्त वरच्या डाव्या चौकोनात असते. जोड सोडवली की बाकीचे रिकामेच निघतात, म्हणजे मूळ फाइल हाती आली तरी हे काम सुटत नाही.

आता मंगळवार. तिथे शून्य भरलं तर सरासरी २४ भागिले ४, म्हणजे ६ येते. रिकामं ठेवलं तर भागाकार ३ ने होतो आणि उत्तर ८ येतं. गंमत अशी की बेरीज दोन्ही वेळा २४च, त्यामुळे ती जुळली म्हणून निर्धास्त होता येत नाही. मूळ तक्त्यात सरासरी ८ छापलेली असेल, तर छापणाऱ्याने त्या दिवसाची नोंद नाही असं धरलं होतं हे कळतं. घाईत नजर रिकामा चौकोन ओलांडून बुधवारचं शून्य मंगळवारी आणि गुरुवारचे १० बुधवारी बसवते, तेव्हाही बेरीज बदलत नाही. ही चूक ओळखायला चौकोन मोजावे लागतात किंवा प्रत्येक वाराची सगळ्या केंद्रांची बेरीज छापलेली असावी लागते.

मी आकड्यांशेजारी खुणेचा एक जादा रकाना ठेवतो:

```
केंद्र,वार,पाऊस,खूण
1,सोम,14,
1,मंगळ,,मूळ रिकामे
1,बुध,0,
1,गुरु,10,
```

रिकामेपणाचे प्रकारही वेगवेगळे. छापील आडवी रेघ असेल तर 'रेघ', फोटोत चमक पडली असेल तर 'वाचता येत नाही', कडेला कापलं गेलं असेल तर 'फोटोबाहेर'. शेवटच्या दोन प्रकारांत दुसरा फोटो मिळाला तर आकडा सापडू शकतो, मूळ रिकाम्यात नाही. रेघेचा अर्थ तळटीपेत दिलेला असेल तरच लावायचा. बेरजेवरून ओळखलेला आकडा लिहिलाच, तर 'बेरजेवरून' अशी खूण हवी. त्या बेरजेत एकच आकडा अस्पष्ट असेल तरच तो तसा निघतो, दोन असतील तर नाही.

काही जण रिकाम्या जागी ९९९ घालतात. मला ते मुळीच पटत नाही. वर्षभराने कोणीतरी त्याचीही सरासरी काढतं आणि आपल्या चार दिवसांची सरासरी ६ किंवा ८ ऐवजी २५५.७५ मिलिमीटर होते.