‘Authorized’ वेगळं, ‘Charging’ वेगळं: ईव्ही चार्जिंग ॲपवरचे दोन निरोप

मे महिन्यातली दुपार. परभणीहून संभाजीनगरकडे जाताना जालन्याजवळ एका हॉटेलच्या आवारात आम्ही गाडी लावली. गाडी दाजींची, नवी घेतलेली, आणि बाहेरच्या चार्जरवर लावायची त्यांची पहिलीच वेळ. बॅटरी 31 टक्क्यांवर आली होती. दाजींनी चार्जरच्या केबलची गन गाडीला लावली, चार्जरवरचा क्यूआर स्कॅन केला, 400 रुपये टाकले. फोनवर हिरवी खूण आली आणि खाली लिहून आलं, ‘Payment successful’. दोन सेकंदांनी ‘Authorized’. "झालं सुरू," म्हणून ते चहाला आत गेले. वीस मिनिटांनी बाहेर येऊन पाहतो तर बॅटरी 31 च. ॲपवर ‘Session could not be started’. दाजींचा चेहराच उतरला. "अन् पैसे तर कापून गेले की!"

ॲप इंग्रजीत होतं, पण खरी अडचण इंग्रजीची नव्हती. शब्द त्यांना वाचता येत होते. ‘Authorized’ म्हणजे चार्जिंग चालू झालं असा अर्थ त्यांनी घेतला, आणि तिथंच घोळ झाला. ॲपची भाषा मराठी किंवा हिंदी केली तरी हा घोळ मिटत नाही. बटणं आपल्या भाषेत येतात, पण चार्जरकडून येणारे स्थितीचे शब्द पुष्कळदा इंग्रजीतच राहतात. म्हणून हे दोन शब्द नीट ओळखून ठेवलेले बरे.

‘Authorized’ म्हणजे परवानगी मिळाली. तुमच्या खात्यात पुरेसे पैसे आहेत, तुम्हाला या चार्जरवरून वीज घ्यायला हरकत नाही, एवढंच कंपनीच्या सर्व्हरनं मान्य केलं. वीज अजून एक युनिटही निघालेली नाही. ‘Charging’ म्हणजे गाडीच्या बॅटरीत करंट खरोखर जायला लागला. एसटीचं तिकीट काढणं आणि गाडी स्टँडवरून हलणं यात जेवढं अंतर आहे, तेवढंच या दोन शब्दांत आहे.

या दोन्हींच्या मध्ये बऱ्याच गोष्टी घडतात. आपला फोन चार्जरशी थेट बोलत नाही. आपण ‘Start’ दाबतो तो निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरला जातो, आणि सर्व्हर तो चार्जरमधल्या सिमकार्डवरून किंवा इंटरनेटवरून चार्जरला पोचवतो. रेंज कमी असलेल्या ठिकाणी इथंच अर्धा-एक मिनिट जातं. या वेळेत ‘Start’ पुन्हा पुन्हा दाबू नये. एखाद्या ॲपमध्ये दुसरं सेशन उघडून पैसे दोनदा अडकून पडू शकतात.

सर्व्हर आणि चार्जर ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात तिला ओसीपीपी म्हणतात. तिच्या 1.6 या आवृत्तीत गनच्या नऊ स्थिती ठरवलेल्या आहेत आणि ॲपवर दिसणारे बरेच शब्द तिथूनच येतात. आपल्या कामाचा पहिला शब्द ‘Preparing’. गन लावली पण परवानगी नाही, किंवा परवानगी मिळाली पण गन लावलेली नाही, अशा दोन्ही वेळी हाच शब्द दिसतो. म्हणजे दोनपैकी एक गोष्ट अजून राहिली आहे. ठरलेल्या वेळात दुसरी गोष्ट झाली नाही तर चार्जर परवानगी रद्द करतो आणि गन पुन्हा ‘Available’ दाखवतो.

दाजींचं नेमकं हेच झालं होतं. त्या चार्जरला दोन गना होत्या आणि दोघींचे क्यूआर वेगवेगळे. गाडीला लावलेली गन दोन नंबरची आणि स्कॅन केलेला क्यूआर एक नंबरचा. परवानगी एक नंबरला मिळाली, ती केबलची वाट पाहत राहिली, वेळ संपली, सेशन गेलं. चार्जरनं स्वतःकडून काहीच चुकीचं केलं नाही. ‘Start’ दाबण्याआधी स्क्रीनवरचा ‘Connector 1’ किंवा ‘Connector 2’ हा आकडा आणि हातातल्या गनवरचा आकडा एकदा जुळवून घेतला असता तर ती वीस मिनिटं वाचली असती.

दुसऱ्या वेळी आकडा बरोबर निवडला. ‘Authorized’ आलं, आणि मग गाडीच्या पडद्यावर निरोप आला की केबल तपासा. ॲपवर ‘Connector not locked’. हा कुलपाचा निरोप, आणि चार्जिंगच्या वाटेवर पुष्कळदा अडायला होतं ते इथंच.

फास्ट चार्जरच्या सीसीएस 2 गनला गाडीत धरून ठेवणारी खीळ गाडीच्या सॉकेटमध्ये असते, चार्जरमध्ये नसते. गन पूर्ण आत बसली की गाडी ती खीळ पुढे सारते आणि टक असा आवाज येतो. हे कुलूप लागल्याशिवाय डीसी म्हणजे फास्ट चार्जिंग पुढं जातच नाही. कुलूप लागलं की चार्जर केबलमधलं इन्सुलेशन तपासतो, वीज कुठं गळत नाही ना ते पाहतो, मग गाडीच्या बॅटरीशी व्होल्टेज जुळवतो, आणि त्यानंतरच करंट सोडतो. शेकडो व्होल्टची वीज वाहत असताना गन हातात निघून येऊ नये म्हणून हा क्रम आहे. त्यामुळे ‘not locked’ दिसलं तर पैशाकडं किंवा ॲपकडं पाहू नका, गनकडं पाहा.

गन जड असते, केबल तिला खाली ओढते, आणि ती सॉकेटमध्ये किंचित तिरकी बसते. दिसायला लागलेली दिसते, पण खिळीला जागा सापडत नाही. मी दाजींना म्हणालो, "दाजी, सेशन बंद करा, गन काढा, पुन्हा लावा, आन् लावताना खालून हातानं उचलून धरा." त्यांनी डाव्या हातानं केबल पेलली, उजव्या हातानं गन सरळ आत ढकलली आणि ‘Start’ दाबूनही हात काढला नाही. दहा-बारा सेकंदांनी टक असा आवाज आला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "लागलं का?" लागलं होतं. पण अजूनही चार्जिंग चालू झालेलं नव्हतं. चार्जरची तपासणी चालू होती, म्हणून गन आणि परवानगी दोन्ही असूनही पडद्यावर ‘Preparing’ च होतं. आणखी थोड्या वेळानं शब्द बदलला आणि ‘Charging’ आलं.

नुसत्या शब्दावरही विसंबू नये. ॲपवर युनिटचा आकडा असतो, किलोवॅट-अवर म्हणजे आपलं युनिट. तो 0.00 वरून 0.05, 0.12 असा चढायला लागला पाहिजे, आणि गाडीच्या डॅशबोर्डवर चार्जिंगची खूण आणि उरलेला वेळ दिसला पाहिजे. ही दोन्ही दिसली की मगच चहा. चार्जरवरच्या दिव्याच्या रंगावर मी भरवसा ठेवत नाही, कारण रंगाचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. शब्द ‘SuspendedEV’ असेल तर गाडीच वीज घेत नाही. बहुधा गाडीत चार्जिंगची मर्यादा किंवा वेळ लावून ठेवलेली असते. ‘SuspendedEVSE’ असेल तर चार्जरनं वीज रोखून धरली आहे.

आता पैसे. इथंही दोन गोष्टी एकसारख्या दिसतात: पैसे अडकवून ठेवणं आणि पैसे कापणं. दाजींनी यूपीआयनं दिलेले 400 रुपये चार्जिंगचे नव्हतेच, ते ॲपच्या वॉलेटमध्ये जमा झाले होते. ‘Payment successful’ हा निरोप त्या जमेचा. सेशन मागताच वॉलेटमधले 400 ‘On hold’ झाले, म्हणजे बाजूला काढून ठेवले. पहिल्या दोन्ही वेळी सेशन सुरूच झालं नाही, तेव्हा ते वॉलेटमध्ये सुटून आले. बँकेच्या मेसेजमध्ये 400 वजा दिसत असल्यामुळे दाजींना ते गेले असं वाटलं. अशा वेळी बँकेच्या मेसेजपेक्षा ॲपमधलं वॉलेट आणि ‘Transactions’ हा भाग आधी उघडावा.

वॉलेटमध्येही जमा दिसत नसतील तर मात्र ती वेगळी गोष्ट. बँकेतून पैसे गेले आणि घेणाऱ्याला पोचल्याची खात्रीच झाली नाही, अशा यूपीआय व्यवहाराला रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम लागू होतो. व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांच्या आत पैसे आपोआप परत यायला हवेत, आणि त्याहून उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. त्यासाठी यूपीआयचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा. पैसे वॉलेटमध्ये पोचलेले असतील तर हा नियम कामाचा नाही. तिथं ॲपच्या कंपनीकडे सेशनचा क्रमांक देऊन तक्रार करावी लागते.

सेशन संपवताना अशीच एक जोडी समोर येते: ‘Stop’ आणि ‘Unlock’. दाजींनी आधी ‘Unlock connector’ शोधायला सुरुवात केली, कारण गन हलत नव्हती. पण ओसीपीपीमधली ‘Unlock’ ची आज्ञा चार्जरच्या बाजूचं कुलूप उघडण्यासाठी आहे. फास्ट चार्जरची केबल तिकडून कायमची जोडलेली असते, तिथं उघडायला कुलूपच नाही. आपली खीळ गाडीत आहे. म्हणून आधी ‘Stop’, मग करंट शून्य झाल्याचं पाहायचं, आणि तरी गन सुटली नाही तर गाडीच्या चावीवरचं अनलॉक बटण दाबायचं. आपली स्वतःची टाइप 2 केबल घेऊन एसी म्हणजे हळू चार्जरला लावली असेल तर गोष्ट बदलते. तिथं गाडीकडंही आणि चार्जरच्या डब्याकडंही कुलूप असतं, आणि डब्याकडचं सोडवायला ॲपमधलं ‘Unlock’ उपयोगी पडतं.

जोर लावून गन ओढू नये, खीळ वाकली तर सॉकेटही बदलावं लागू शकतं. चावीनंही सुटत नसेल तर पुष्कळ गाड्यांत हातानं खीळ सोडवायची दोरी दिलेली असते. ती कुठं आहे ते गाडीच्या पुस्तिकेत एकदा घरीच पाहून ठेवावं. चार्जरवरचं लाल बटण धूर, ठिणगी अशा धोक्याच्या वेळेसाठी आहे. ते दाबलं की चार्जर बंद पडतो आणि कुणीतरी ते सोडवून चार्जर पुन्हा चालू करेपर्यंत मागच्या गाडीला वीज मिळत नाही.

दाजींनी ‘Stop’ दाबलं, चावीचं बटण दाबलं, टक झालं आणि गन हातात आली. बिल आलं 14.2 युनिटचं. तिथला दर युनिटला 20 रुपये, म्हणजे 284, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 51 रुपये 12 पैसे, एकूण 335 रुपये 12 पैसे. अडकवलेल्या 400 मधले 64 रुपये 88 पैसे वॉलेटमध्ये परत आले. "दर 20 लिहिला होता की," दाजी म्हणाले. मी त्यांना दराखालची बारीक ओळ दाखवली, ‘Excl. GST’. त्यांनी तिचा फोटो काढून ठेवला.