एंट्रॉपी (विविक्त वंटनाची)

विविक्त संभाव्यता वंटनात असलेल्या अनिश्चिततेचे माप. प्रयोगाच्या n निष्पत्तींच्या संभाव्यता p₁, p₂, …, pₙ असतील, तर

H = −Σ pᵢ log pᵢ

या राशीला त्या वंटनाची एंट्रॉपी म्हणतात. लॉगरिदमचा पाया २ असेल तर ती बिटमध्ये आणि e असेल तर नॅटमध्ये येते. p शून्याकडे जाताना p log p चे मूल्यही शून्याकडे जाते, म्हणून शून्य संभाव्यतेचे पद शून्य धरतात. एक निष्पत्ती निश्चित असेल तेव्हा H शून्य असते. सर्व निष्पत्ती समसंभाव्य असतील, म्हणजे वंटन एकसमान असेल, तेव्हा ती महत्तम होऊन log n इतकी होते.

या सूत्राचे श्रेय सामान्यतः क्लॉड शॅनन यांच्या १९४८ मधील निबंधाला देतात. तो बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलच्या जुलै व ऑक्टोबरच्या अंकांत प्रसिद्ध झाला. त्याआधी १९२८ मध्ये राल्फ हार्टली यांनी समसंभाव्य निवडींसाठी निवडींच्या संख्येचा लॉगरिदम हेच माप वापरले होते. आजच्या भाषेत ती एकसमान वंटनाची एंट्रॉपी होय. Σ p log p हे रूप सांख्यिकीय यामिकीत गिब्ज यांच्या काळापासून परिचित होते. त्यामुळे शॅनन यांचे काम नव्या सूत्रापेक्षा नव्या उपयोजनाचे आणि स्वयंसिद्धकांवरून केलेल्या सिद्धतेचे मानणे अधिक योग्य वाटते. एंट्रॉपी हे नाव फॉन नॉयमान यांनी सुचवले, ही हकीकत प्रामुख्याने मायरन ट्रायबस यांच्या बऱ्याच नंतरच्या कथनावर आधारलेली आहे. शॅनन यांनी आपल्या निबंधातच बोल्ट्समान यांच्या H प्रमेयाचा निर्देश केला आहे, आणि नावामागची प्रेरणा शोधताना तोच पुरावा अधिक भक्कम ठरतो.

महत्तमतेची सिद्धता. पाठ्यपुस्तकांत बहुधा लाग्रांज गुणक वापरून H चा स्थिरबिंदू काढतात व तो एकसमान वंटनाचा निघतो. एवढ्याने सिद्धता पूर्ण होत नाही. तो बिंदू महत्तमाचाच आहे आणि काही संभाव्यता शून्य असलेल्या सीमेवर H याहून मोठी नाही, हे वेगळे दाखवावे लागते. पुढील मार्ग या दोन्ही अडचणी टाळतो.

प्रत्येक धन x साठी ln x ≤ x − 1 असते आणि समता केवळ x = 1 असताना मिळते. समजा, n पैकी m संभाव्यता धन आहेत. केवळ त्यांवर बेरीज घेतली तर

H − ln n = Σ pᵢ ln(1/(n pᵢ)) ≤ Σ (1/n − pᵢ) = m/n − 1 ≤ 0

म्हणून H कधीही ln n पेक्षा मोठी नसते. समता हवी असेल तर शेवटच्या पायरीसाठी m = n, म्हणजे एकही संभाव्यता शून्य नसणे, आवश्यक आहे; आधीच्या पायरीसाठी प्रत्येक pᵢ = 1/n असावी लागते. अशा रीतीने महत्तम मूल्य आणि ते एकाच वंटनाला मिळते हे, दोन्ही एकदम सिद्ध होतात.

असे का घडते, याचे उत्तर −p ln p या फलाच्या आलेखात आहे. तो सर्वत्र वरच्या बाजूस फुगलेला असतो. दोन असमान संभाव्यतांपैकी मोठीतून थोडा भाग काढून लहानीत घातला, पण त्यांचा क्रम उलटू दिला नाही, तर लहानीच्या पदात होणारा बदल आणि मोठीच्या पदात होणारा बदल मिळून बेरीज वाढतेच. म्हणून कोणत्याही दोन संभाव्यता असमान आहेत तोवर H आणखी वाढवता येते.

उदाहरणार्थ, चार चिन्हांच्या संभाव्यता १/२, १/४, १/८, १/८ असतील, तर H = ०.५ + ०.५ + ०.३७५ + ०.३७५ = १.७५ बिट. एकसमान वंटनासाठी ती २ बिट असते. या चिन्हांना अनुक्रमे 0, 10, 110, 111 असे संकेत दिल्यास सरासरी लांबी नेमकी १.७५ अंक येते. चारही समसंभाव्य असतील तर कोणत्याही अशा संकेतपद्धतीने सरासरी २ अंकांच्या खाली जाता येत नाही. ०.२५ बिटचा हा फरक म्हणजे दिलेल्या वंटनाचे एकसमान वंटनापासूनचे कुलबॅक–लायब्लर अपसरण होय.

मर्यादा. अनंत संचावर हा निष्कर्ष लागू पडत नाही. तेथे एकसमान वंटनच नसते, आणि अट नसेल तर एंट्रॉपीला वरची सीमाही नसते. धन पूर्णांकांवर सरासरी ठरवून दिल्यास महत्तम एंट्रॉपी भूमितीय वंटनाची असते.

निरीक्षणांतील वारंवारता सरळ सूत्रात घातल्यास H सरासरीने कमी अंदाजली जाते. N निरीक्षणांसाठी ही तूट सुमारे (n − 1)/(2N) नॅट असते. चार समसंभाव्य चिन्हांची ३० निरीक्षणे घेतली तर ती सुमारे ०.०७ बिट येते. त्यामुळे अशा नमुन्यात १.९३ बिट मिळाले, एवढ्यावरून मूळ वंटन एकसमान नाही असे म्हणता येत नाही.