व्हिडिओ बैठकीतून पॉडकास्टचे ध्वनिमुद्रण

दूरच्या दोन वक्त्यांचे संभाषण झूमसारख्या व्हिडिओ बैठकीच्या सॉफ्टवेअरवर घडवून आणून त्यातील केवळ आवाज पॉडकास्टसाठी मुद्रित करण्याची ही पद्धत आहे. सॉफ्टवेअर जसे मिळते तसेच वापरले, तर बोलणे कळते पण ऐकायला थकवणारे होते. कारण मूळ सेटिंग कार्यालयीन बैठकीसाठी ठरवलेले असते, आणि तिथे आवाजाच्या गोडव्यापेक्षा गोंगाटात शब्द कळण्याला महत्त्व असते.

या सेटिंगमध्ये आवाजावर एकाच वेळी तीन प्रक्रिया चालू असतात. पहिली स्पीकरमधून येणारा पलीकडचा आवाज माइकमध्ये पुन्हा शिरू नये म्हणून तो वजा करते, दुसरी पंख्यासारखा पार्श्वभूमीचा आवाज काढून टाकते आणि तिसरी माइकची पातळी आपोआप वरखाली करते. एक जण बोलत असताना दुसऱ्याने हलकेच ‘हं’ म्हटले, की तो ‘हं’ अर्धवट गिळला जातो किंवा बोलणाऱ्याचाच एखादा शब्द दबतो. शांत बोलणाऱ्याच्या वाक्याचा शेवट खोलीतला गोंगाट समजून छाटला जातो. आणि बोलणे थांबले की पातळी वर चढून खोलीची घरघर फुगते. हे नुकसान बोलणाऱ्याच्याच संगणकावर, आवाज पाठवण्याआधी होते. नंतर संपादनात ते भरून काढता येत नाही.

झूममध्ये यावरचा पर्याय `Original sound for musicians` या नावाने आहे. नाव संगीतकारांचे असले तरी संभाषणालाही तो लागू पडतो. तो ध्वनीच्या सेटिंगमध्ये निवडावा लागतोच, शिवाय बैठकीच्या खिडकीतही चालू असल्याची खात्री करावी लागते. ही दुसरी पायरी हमखास विसरली जाते. त्याखालील `High-fidelity music mode` निवडल्यास आवाज ४८ किलोहर्ट्झ नमुनादराने आणि मोनोमध्ये सेकंदाला ९६ किलोबिट वेगाने पाठवला जातो. एका माणसाच्या आवाजाला स्टिरिओची गरज नसते. `Echo cancellation` मात्र दोन्ही बाजूंनी हेडफोन लावले असतील तरच बंद करावे, कारण एकानेही स्पीकर वापरला तर दुसऱ्याचा आवाज त्याच्या माइकमधून प्रतिध्वनी होऊन परत येतो. `Automatically adjust microphone volume` हा पर्याय बंद करून पातळी हातानेच लावावी. मोठ्याने हसतानाही शिखर पूर्ण पातळीच्या सुमारे ६ डेसिबल खाली राहिले तर आवाज फाटत नाही.

हे सर्व यजमानाने आपल्या बाजूला केले आणि पाहुण्याला सांगितलेच नाही, तर फक्त यजमानाचा आवाज सुधारतो. म्हणून मुद्रणाआधी दहा मिनिटे पाहुण्याचेच सेटिंग सोबत बसून लावून घेणे, हे महागडा माइक घेण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. त्याच वेळी ब्लूटूथ हेडसेट बाजूला ठेवायला सांगावे. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये माइक सुरू होताच जोडणी फोनसाठीच्या पद्धतीवर जाते, नमुनादर ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतो, आणि स, श यांसारख्या वर्णांची धार बोथट होते.

मुद्रणासाठी `Record a separate audio file for each participant` हा पर्याय निवडून यजमानाच्या संगणकावर प्रत्येकाची वेगळी फाइल मिळवता येते. एकाचा खोकला दुसऱ्याच्या वाक्याला धक्का न लावता कापता येतो, हा तिचा मोठा फायदा. मर्यादा अशी, की पाहुण्याची फाइल इंटरनेटवरून येऊन पोचलेलीच असते. त्यामुळे यजमानाचा आवाज सलग आणि पाहुण्याचा मध्येच यांत्रिक, तुटक ऐकू आला, तर दोष बहुधा जोडणीत असतो आणि सेटिंग बदलून तो जात नाही. अशा वेळी कॅमेरे बंद केल्यास जोडणीवरचा भार हलका होतो.

जोडणीवर विसंबायचे नसेल, तर बैठक केवळ एकमेकांना ऐकण्यापुरती ठेवून दोघेही आपापल्या संगणकावर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपला आवाज मुद्रित करतात. नंतर या दोन फाइली एकमेकींशी जुळवाव्या लागतात. त्यासाठी सुरुवातीला एकाने टाळी वाजवली, की तिचे शिखर दोन्ही फाइलींमध्ये दिसते. मात्र दुसऱ्याच्या फाइलीत ती येण्यासाठी त्याने तेवढ्यापुरते हेडफोन माइकजवळ धरावे लागतात आणि प्रवासातला विलंब धरावा लागतो. दोघांनी तीनपर्यंत मोजून एकदम टाळी वाजवल्यासही साधारण जुळणी होते, उरलेला फरक कानाने सुधारायचा. दोन संगणकांची घड्याळे मात्र तंतोतंत सारखी नसतात. त्यांच्यात दहा लाखांत ५० भागांचा फरक असला, तर तासाभरात ०.१८ सेकंदाचे अंतर पडते. सुरुवातीला नीट बसलेले उत्तर शेवटी प्रश्न संपण्याआधीच सुरू होते किंवा उगाच उशिरा येते. म्हणून अखेरीसही एक टाळी घ्यावी, आणि दोन टाळ्यांमधील अंतर दोन्ही फाइलींत मोजून एक फाइल तेवढ्या प्रमाणात ताणावी किंवा आवळावी.