सात एप्रिल की चार जुलै?

नागपुरातून अमेरिकेत शिकायला जाणाऱ्या मुलीचा जन्मदाखला अनेकदा मराठीत असतो. त्याचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी केली जाते आणि त्यात जन्मतारीख ०७/०४/१९९९ अशी जशीच्या तशी उतरते. आपल्याला ती ७ एप्रिल दिसते, तिथल्या कारकुनाला ४ जुलै. त्याच भाषांतरात कलरच्या स्पेलिंगमध्ये यू राहिला, तर कोणाचंच काही अडत नाही. हे दोन फरक जन्मलेच वेगवेगळ्या रीतीने.

स्पेलिंगचा फरक ठरवून केलेला आहे. सॅम्युअल जॉन्सन यांच्या १७५५ च्या लंडनच्या शब्दकोशात ऑनर, कलर या शब्दांत यू होता आणि म्युझिकच्या शेवटी के. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर नोआ वेबस्टर यांना देशाची भाषाही वेगळी दिसायला हवी होती. १८०६ च्या छोट्या आणि १८२८ च्या मोठ्या शब्दकोशात त्यांनी यू गाळला, सेंटरच्या शेवटचं आर-ई उलटून ई-आर केलं. म्युझिकमधला के पुढे इंग्रजांनीही सोडला.

तारखेला मात्र असा कोणी वेबस्टर भेटला नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ‘जुलै ४, १७७६’ असं आहे, पण त्या काळी लंडनची वर्तमानपत्रंही महिना आधी छापत. इंग्रजांची सवय पुढे बदलली, अमेरिकनांची टिकली, आणि आपल्या कचेऱ्यांत इंग्रजांचा क्रम रुजला. महिना अक्षरांत लिहिला जात होता तोवर घोटाळ्याला जागाच नव्हती. नुसते आकडे आले आणि घात झाला.

तेरा तारखेपासून पुढे चूक लगेच कळते, कारण तेरावा महिना नसतो. पण महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांपैकी, दिवस आणि महिना एकच असलेले वगळले, तर वर्षाचे १३२ दिवस दोन्ही बाजूंनी खरे वाटतात. माझ्या मते हीच खरी भीती आहे: चुकीची तारीखही अगदी बरोबर दिसते.

यासाठी आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ आणलं. त्यात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: १९९९-०४-०७. भारतीय पासपोर्टवर छापील तारीख दिवस-महिना-वर्ष अशी असते, पण त्याच पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दुसऱ्या ओळीत ९९०४०७ असतं, म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शंका आली तर तिथे पाहावं.

भाषांतर करणाऱ्याने तारीख ‘७ एप्रिल १९९९’ अशी, महिना अक्षरांत लिहून द्यावी. अमेरिकन फॉर्मवर मात्र चौकटीत छापलेल्या क्रमानेच आकडे भरावेत. स्पेलिंग अमेरिकन करायचं असेल तर मजकुरात खुशाल करा, नावांत नको. सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या इंग्रजी नावात सेंटर हा शब्द आर-ईनेच संपतो. तिथल्या प्रमाणपत्राच्या भाषांतरात तो तसाच ठेवावा, म्हणजे मूळ कागदाशी नाव जुळेल.