शून्य गुण, पण कशाचे?

निपाणी-चिकोडी पट्ट्यात उसाचा हंगाम सुरू झाला की तोडणीच्या टोळ्यांबरोबर त्यांची मुलंही येतात. शाळेत त्यांची चाचणी घेतली, आणि शून्य गुण पडले, की ‘हिला डोकंच नाही’ असा शिक्का बसतो. पण त्या चाचणीने मोजलेलं असतं ते आजवर काय शिकवलं गेलं, एवढंच.

१९५०च्या दशकात इस्रायली मानसशास्त्रज्ञ रूवेन फॉयरस्टाइन यांच्यापुढे हाच पेच होता. उत्तर आफ्रिकेतून इस्रायलला येणारी मुलं बुद्धिचाचणीत मतिमंद ठरत होती. त्यांनी चाचणी चालू असतानाच शिकवायला सुरुवात केली. पुढे अमेरिकेत अ‍ॅन ब्राउन आणि जोसेफ कॅम्पिओन या मानसशास्त्रज्ञांनी या कल्पनेला मोजपट्टी दिली: मदतीच्या सूचना आधीच ठरवून पायरीपायरीने द्यायच्या आणि किती लागल्या ते मोजायचं. मला ही युक्ती फार आवडते, म्हणून जरा तपशिलात सांगतो.

समजा, नऊ वर्षांच्या मुलीपुढे नऊ चौकटींचं कोडं आहे. आडव्या ओळीत आकार तोच राहतो, पण ठिपके एक, दोन, तीन असे वाढतात. खाली जाताना आकार बदलतो. शेवटची चौकट रिकामी. ती शेजारच्या चौकटीतलं चित्र जसंच्या तसं निवडते. असली कोडी न पाहिलेल्या मुलांची ही नेहमीची चूक. पहिली सूचना: ‘परत बघ की.’ दुसरी: ‘हिकडनं तिकडं जाताना काय बदलतंय?’ तिसरी: ‘आता वरनं खाली बघ.’ चौथ्या सूचनेत पहिली ओळ दोघांनी मिळून सोडवायची. पाचवीत उत्तर आणि कारण दोन्ही सांगून टाकायचं.

तिला पहिल्या कोड्याला चार सूचना लागल्या, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एकही नाही. वर्गातल्या एका मुलाला तिन्ही वेळा तीन-तीन. सुरुवातीला दोघांचे गुण सारखेच, शून्य. मग खरी कसोटी: ठिपक्यांऐवजी फिरणारे बाण, नियमही थोडा वेगळा. तिला एक सूचना पुरली, त्याला चार. नव्या रूपातलं कोडं किती मदतीने सुटतं, यावरून पुढच्या प्रगतीचा अंदाज पहिल्या गुणांपेक्षा चांगला बांधता येतो, असं ब्राउन-कॅम्पिओन यांना आढळलं. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणारे हजारो रुपये उकळतात. इथे कागद, पेन्सिल आणि तासभर वेळ लागतो.

मात्र तासभर एकाच मुलासाठी. साठ मुलांच्या वर्गात हे जमत नाही. शिवाय तेच कोडं पुन्हा दिलं तर नुसत्या सवयीनेही गुण वाढतात, म्हणून काही मुलांना मधे न शिकवता फेरचाचणी देऊन तुलना करावी लागते. सीमाभागात याहून मोठा घोळ भाषेचा. मूल बीडची मराठी बोलतं, बाई कन्नड किंवा बेळगावी मराठी. सूचना कळलीच नाही तर मोजणी वाढते आणि मूल ‘मंद शिकणारं’ ठरतं. म्हणून प्रत्येक सूचनेनंतर ‘मी काय करायला सांगितलं?’ असं विचारावं. मुलाला ते सांगता येत नसेल, तर ती सूचना मोजायची नाही. तीच बोटाने दाखवून पुन्हा द्यायची.