गर्शगोरिन वर्तुळ प्रमेय व पुनरावृत्तीचे अभिसरण

चौरस आव्यूहाची आयगेन मूल्ये प्रत्यक्ष न काढता ती सदसत् प्रतलात कोठे असतील, हे सांगणारे प्रमेय. प्रत्येक ओळीतील कर्णावरचा घटक केंद्र मानून, त्या ओळीतील उरलेल्या घटकांच्या निरपेक्ष मूल्यांच्या बेरजेएवढ्या त्रिज्येची चकती काढली, तर प्रत्येक आयगेन मूल्य या चकत्यांपैकी निदान एकीत पडते.

प्रमेय सेम्योन गर्शगोरिन यांच्या १९३१ मधील जर्मन लेखाच्या आधारे त्यांच्या नावाने ओळखले जाते. मात्र त्याचा गाभा जुना आहे. प्रत्येक ओळीत कर्णावरच्या घटकाचे निरपेक्ष मूल्य इतरांच्या निरपेक्ष मूल्यांच्या बेरजेहून काटेकोरपणे मोठे असेल तर निश्चयक शून्य नसतो, हे विधान लेव्ही (१८८१), डेप्लांक (१८८७), मिंकोव्स्की (१९००) आणि आडामार (१९०३) यांच्याकडे कमीअधिक व्यापक रूपात आढळते. λ हे आयगेन मूल्य व I हा एकक आव्यूह घेऊन, मूळ आव्यूहातून λI वजा करून ते लावले की वर्तुळ प्रमेय मिळते. असे असले तरी निश्चयकाच्या कसोटीला प्रतलातील स्थाननिश्चितीचे रूप देण्याचे श्रेय गर्शगोरिन यांना देणेच अधिक योग्य वाटते.

रेषीय समीकरणांची संहती अंदाज सुधारत सोडवण्याच्या पुनरावृत्ती पद्धतीत प्रत्येक पायरीला त्रुटी एका ठरावीक आव्यूहाने गुणली जाते. त्याच्या आयगेन मूल्यांपैकी सर्वांत मोठे निरपेक्ष मूल्य, म्हणजे वर्णपट त्रिज्या, १ पेक्षा कमी असेल तरच कोणत्याही प्रारंभिक अंदाजापासून अभिसरण होते. कर्णावर २ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना −१ असलेला ३×३ आव्यूह घेऊन याकोबी पद्धत लावली, तर पुनरावृत्ती आव्यूहाच्या कर्णावर शून्ये व लगतच्या जागी १/२ येतात. तिन्ही चकत्यांचे केंद्र शून्य, त्रिज्या १/२, १ आणि १/२. म्हणजे वर्णपट त्रिज्या १ हून अधिक नाही, एवढेच कळते. अभिसरणाचा निर्णय होत नाही.

ही कोंडी दोन प्रकारे सुटते. ओल्गा टॉस्की यांच्या १९४० च्या दशकातील निष्कर्षानुसार, आव्यूह अविघटनीय असल्यास, म्हणजे ओळी व स्तंभ एकाच क्रमाने फिरवून त्याचे त्रिकोणी ठोकळ्यांत विभाजन होत नसल्यास, चकत्यांच्या संयोगाच्या सीमेवरील आयगेन मूल्य प्रत्येक वर्तुळावर असावे लागते. येथील आव्यूह तसाच आहे, आणि १/२ त्रिज्येची वर्तुळे १ पर्यंत पोहोचत नसल्याने वर्णपट त्रिज्या १ पेक्षा निश्चितच कमी ठरते. दुसरा मार्ग मापबदलाचा: १, d, १ या कर्ण-आव्यूहाने समरूप रूपांतर केले, तर आयगेन मूल्ये तीच राहून त्रिज्या d/२, १/d, d/२ अशा होतात. d = १.४ घेताच मर्यादा सुमारे ०.७१४ वर येते, आणि d = √२ ला ती १/√२, म्हणजे खुद्द वर्णपट त्रिज्येएवढी होते.

मर्यादा १ च्या वर गेली म्हणून पद्धत अपसारी ठरत नाही. कसोटी पुरेशी आहे, आवश्यक नाही. शिवाय वर्णपट त्रिज्येपुरते पाहिल्यास चकत्यांतून मिळणारी मर्यादा ओळींतील निरपेक्ष मूल्यांच्या बेरजांवरील सर्वमान्य मर्यादेहून कधीच चांगली नसते. वेगाबाबत तर प्रमेय फारच थोडे सांगते: याच रचनेच्या १०० चलांच्या संहतीत टॉस्कींचा निष्कर्ष अभिसरणाची हमी देतो, पण वर्णपट त्रिज्या cos(π/१०१), सुमारे ०.९९९५ असते, आणि त्रुटी दहापटीने घटवायला पावणेपाच हजारांच्या आसपास पायऱ्या लागतात. तेथे अचूक मापबदल sin(jπ/१०१) या गुणकांनी मिळतो, परंतु हे गुणक म्हणजे शोधायच्या आयगेन सदिशाचेच घटक होत.