बाटली आणि लेबल हुबेहूब हवे असेल, तर फोटो काढण्याआधी हे वाचा

कोकम सरबत करणारे आमचे एक ग्राहक पहिल्यांदा आले, तेव्हा मोबाईलवर एक चित्र घेऊन आले होते. कुठल्याशा ॲपमध्ये त्यांनी स्वतःच बनवलेले. काळ्या कातळावर बाटली, मागे समुद्र, संध्याकाळचे ऊन. ते म्हणाले, "चित्र झकास आहे हो, पण ही बाटली आमची नाही." खरेच नव्हती. त्यांच्या बाटलीचा खांदा गोल आणि गळा आखूड; चित्रातली बाटली वाईनच्या बाटलीसारखी उंच होती. लेबलावर देवनागरीसारखे दिसणारे काहीतरी होते, पण एकही शब्द वाचता येत नव्हता.

असे का होते? चित्रे बनवणाऱ्या मोठ्या मॉडेलने असंख्य बाटल्या पाहिलेल्या असतात, पण तुमची पाहिलेली नसते. 'बाटली' म्हटले की ते त्या सगळ्यांच्या सरासरीकडे जाते. वर्णन कितीही बारकाईने लिहिले तरी खांद्याची नेमकी गोलाई शब्दांत पकडता येत नाही. म्हणून आम्ही तुमच्याच फोटोंवरून एक छोटे जोड-मॉडेल तयार करतो. या पद्धतीला लोरा म्हणतात. मूळ मॉडेल, म्हणजे आम्ही वापरतो ते एसडीएक्सएल, साधारण सात जीबीचे आहे. त्याला आम्ही हात लावत नाही. त्याच्या शेजारी काहीशे एमबीपर्यंतची एक फाईल बसते आणि तिच्यात फक्त तुमची बाटली असते.

या फाईलमुळे काय जमते आणि काय जमत नाही, हे आधीच सांगतो. बाटलीचा आकार, झाकण, काचेचा आणि सरबताचा रंग, लेबलाची जागा आणि ठळक रचना हे सगळे मॉडेल शिकते. लेबलावरची बारीक अक्षरे मात्र ते कधीच खात्रीने देणार नाही. ती आम्ही तुमच्या छपाईच्या फाईलवरून बसवतो.

फोटो: इथेच काम जमते किंवा फसते

या ग्राहकांनी आधी साठ फोटो पाठवले होते. सगळे घरातल्या एकाच लाकडी टेबलावर, मोबाईल बाटलीच्या अगदी जवळ नेऊन काढलेले. ट्रेनिंग झाल्यावर 'समुद्रकिनाऱ्यावर बाटली' असे मागितले, तरी वाळूतून तेच लाकडी टेबल वर येत होते. साठही फोटोंत टेबल होते, म्हणून मॉडेलने ते बाटलीचाच भाग मानले.

दुसरा दोष लगेच दिसला नाही. मोबाईलची नेहमीची लेन्स रुंद कोनाची असते. ती जवळ नेली की कॅमेऱ्याच्या समोरचा भाग फुगतो आणि वरखालचा भाग निमुळता होतो. साठ फोटोंत बाटली थोडी पोटफुगी होती, आणि मॉडेल तीच पोटफुगी बाटली शिकले.

दुसऱ्या वेळी आम्ही बत्तीसच फोटो घेतले, आणि ते पुरले. मोबाईल दीड-दोन मीटर लांब, स्टँडवर, बाटलीच्या मध्याच्या उंचीवर ठेवला आणि दोन किंवा तीन पट झूम केला. पार्श्वभूमी दर चार-पाच फोटोंनी बदलली: पांढरा कागद, राखाडी कापड, शहाबादी फरशी, अंगणातली हिरवळ. बाटली समोरून, दोन्ही बाजूंनी तिरकी आणि किंचित वरून घेतली. सात-आठ फोटो फक्त लेबलाचे आणि दोन-तीन झाकणाचे जवळून काढले.

कोकमासाठी उजेडाची वेगळी काळजी घ्यावी लागली. समोरून उजेड पडला की सरबत जवळपास काळे दिसते आणि मागून पडला की माणकासारखे लाल. एकाच उजेडातले फोटो दिले तर मॉडेल तोच रंग कायमचा धरून ठेवते आणि मग उन्हातली बाटलीही काळीच येते. काचेच्या बाटलीतले मध, तेल, सरबत या सगळ्यांना हे लागू आहे. मागून आणि समोरून, दोन्ही उजेडांतले फोटो हवेतच.

आणखी एक गोष्ट ग्राहकांना क्षुल्लक वाटते, पण ती तशी नाही. लेबल हाताने चिकटवले जात असेल तर प्रत्येक बाटलीवर ते दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होते. वेगवेगळ्या बाटल्यांचे फोटो एकत्र दिले की लेबलाची कड नेमकी कुठे, हे मॉडेलला ठरवता येत नाही आणि कड पुसट येते. म्हणून सरळ लेबल लागलेली एकच बाटली निवडा, बोटांचे ठसे पुसा आणि सगळे फोटो तिचेच काढा. जुन्या लेबलाचा एकही फोटो त्यात मिसळू देऊ नका.

कॅप्शन आणि ट्रेनिंग

प्रत्येक फोटोसोबत एका ओळीचे वर्णन लागते. ते आम्ही लिहितो, पण त्यामागचा नियम तुम्हाला माहीत असावा, कारण चित्रात पुढे काय बदलता येईल हे त्यावर ठरते. जे बदलायचे आहे ते लिहायचे. जे कायम राहायचे आहे ते लिहायचे नाही. बाटलीला आम्ही एक निरर्थक नाव देतो, जे मूळ मॉडेलला ओळखीचे नसेल. कोकमाच्या बाटलीचे एक कॅप्शन असे होते:

```
kkmbtl bottle on grey stone floor, backlit, morning light, three-quarter view
```

फरशी, उजेड, कोन हे सगळे लिहिले आहे. गोल खांदा, सोनेरी झाकण, लाल लेबल यांचा उल्लेख नाही. न लिहिलेले सगळे `kkmbtl` या शब्दाला चिकटते. पुढे तो शब्द आला की बाटली तशीच येते आणि बाकीचे आपल्या मर्जीने बदलता येते.

ट्रेनिंगच्या वेळी `flip_aug` हा पर्याय आम्ही बंदच ठेवतो. फोटो कमी असले की ते आरशातल्यासारखे उलटवून संख्या वाढवण्याची ही सोय आहे. फुलासाठी ती ठीक. लेबलाची मात्र अक्षरे उलटी होतात आणि मॉडेल सुलटी-उलटी दोन्ही शिकून त्यांचा गोंधळ करते.

दर अडीचशे पायऱ्यांनंतर आम्ही फाईल जतन करतो आणि प्रत्येकीतून तीच चार चित्रे काढून शेजारी-शेजारी ठेवतो. कोकमाच्या कामात पाचशे पायऱ्यांना गळा अजून लांबच होता. साडेबाराशेला खांदा बरोबर बसला आणि बाटली हव्या त्या जागी जात होती. दोन हजारांना बाटली तंतोतंत होती, पण समुद्र मागितला तरी मागे राखाडी कापड यायला लागले. याचा अर्थ मॉडेलने बाटली शिकण्याऐवजी फोटो पाठ केले. आम्ही साडेबाराशेची फाईल घेतली. जास्त शिकवले म्हणजे जास्त चांगले, असे इथे नसते.

आकार डोळ्यांनी नाही, मोजून तपासतो

आकार बरोबर आहे की नाही हे नुसते पाहून ठरवले तर वाद होतात. म्हणून खरी बाटली मोजतो. ही बाटली २८.५ सेंटीमीटर उंच आणि ७.६ सेंटीमीटर रुंद होती, म्हणजे उंची रुंदीच्या ३.७५ पट. समोरून घेतलेल्या चित्रात बाटली ९०० पिक्सेल उंच आली तर रुंदी २४० यायला हवी. दोन टक्क्यांपर्यंतचा फरक आम्ही चालवून घेतो, म्हणजे साधारण २३५ ते २४५. पहिल्या, जवळून काढलेल्या फोटोंच्या मॉडेलमधून २५२ येत होती. पाच टक्के जाड. हे तुमच्या गिऱ्हाईकाला आकड्यात सांगता येणार नाही, पण दुकानातली बाटली आणि चित्रातली बाटली वेगळी आहे हे त्याला जाणवते.

अक्षरांचे काय?

तेच माप इथेही घेऊ. २८.५ सेंटीमीटरसाठी ९०० पिक्सेल, म्हणजे एका मिलिमीटरला जेमतेम तीन. घटकांच्या यादीतले अक्षर दीड मिलिमीटर उंच असते, म्हणजे ते पाच पिक्सेलमध्ये बसते. मॉडेल चित्रावर थेट काम करत नाही. आधी ते आठ बाय आठ पिक्सेलचा चौकोन एका ठिपक्यात मिटवते आणि त्या ठिपक्यांवर काम करते. तुमचे पूर्ण अक्षर, वेलांटी-मात्रेसकट, एका ठिपक्यात मावते. त्यातून अक्षर पुन्हा उभे राहणार कसे? ब्रँडचे नाव अठरा मिलिमीटरच्या अक्षरांत असेल तर त्याला सहा-सात ठिपके मिळतात, म्हणून ते ओळखू येते. तरी त्यातही जोडाक्षर आधी बिघडते. 'श्री'चा रकार कुठेतरी हरवलेला आम्ही अनेकदा पाहिला आहे.

आणि ही नुसती दिसण्याची बाब नाही. खाद्यपदार्थाच्या लेबलावर चौदा अंकी परवाना क्रमांक असतो, निव्वळ वजन किंवा माप असते, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका असतो. यातला एक अंक जरी मॉडेलने मनाने लिहिला, तरी ते चित्र आम्ही बाहेर जाऊ देत नाही.

म्हणून चित्र तयार झाले की तुमचे खरे लेबल त्यावर बसवतो. सपाट लेबल बाटलीच्या गोलाईप्रमाणे वाकवतो, चित्रातल्या लेबलाच्या कडांशी जुळवतो आणि चित्रातलीच सावली नि चमक त्यावर पुन्हा चढवतो. ही पायरी गाळली तर लेबल वरून चिकटवल्यासारखे दिसते. या बाटलीचा घेर सुमारे २४ सेंटीमीटर आहे, त्यामुळे समोरून फार तर बारा सेंटीमीटर दिसतात. लेबल सोळा सेंटीमीटरचे असल्याने त्याच्या दोन्ही कडा मागे जातात आणि बाजूची अक्षरे दबलेली दिसतात. ती तशी दिसायलाच हवीत. संपूर्ण लेबल समोर दिसणारे चित्र काही जण मागतात, पण ते गोल बाटलीवर खोटे दिसते.

जिथे आम्ही खऱ्या फोटोचा आग्रह धरतो

बाटली वाकडी करून सरबत पेल्यात ओतताना दाखवायचे असेल, तर मॉडेल आतल्या सरबताची पातळीही बाटलीबरोबर वाकडी करते. खरी पातळी जमिनीला समांतर राहते. पाचशे मिलि आणि एक लिटर अशा दोन बाटल्या एकत्र मागितल्या तर दोघींचे आकार एकमेकांत मिसळतात. त्या वेगवेगळ्या करून जोडाव्या लागतात. आणि ऑनलाइन दुकानात उत्पादनाचा पहिला फोटो खराच ठेवा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मॉडेलची चित्रे जाहिरातीसाठी, सणासुदीच्या पोस्टसाठी, पत्रकासाठी वापरा.

काम सुरू करताना

वर सांगितल्याप्रमाणे तीस-पस्तीस फोटो, मूळ आकारात. व्हॉट्सॲपवर साधे पाठवलेले फोटो दबून येतात, तेव्हा ते डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हवर टाका. एक भरलेली, लेबल लावलेली बाटली कुरिअरने पाठवा; मापे आणि रंग आम्ही तिच्यावरूनच घेतो, कारण छपाईच्या फाईलमधला लाल आणि कागदावर उतरलेला लाल एकसारखा नसतो. लेबलाची फाईल तुमच्या छपाईवाल्यांकडून फॉन्ट कर्व्ह करून मागा, नाहीतर आमच्या संगणकावर तो मराठी फॉन्ट नसला की अक्षरे बदलतात. काम संपल्यावर जोड-मॉडेलची `.safetensors` फाईल तुमच्याकडे सोपवली जाते आणि तुमचे फोटो दुसऱ्या कुणाच्या ट्रेनिंगमध्ये जात नाहीत. लेबलात पुढे फक्त मजकूर बदलला तर नवे लेबल बसवून भागते. बाटली किंवा झाकण बदलले तर मात्र फोटोंपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.